दोघांची चूक, दावा एकावर
ट्रक आणि बसची धडक झाली, बसमधला प्रवासी जखमी झाला. चूक ट्रकवाल्याची 70 टक्के, बसवाल्याची 30, असं आपण धरू. प्रवाशाने दावा लावला फक्त बसवाल्यावर. नुकसानभरपाई ठरली 10 लाख. बसवाला म्हणणार, माझे तीनच लाख. पण सर्वोच्च न्यायालयाने 2015 साली खेन्येई खटल्यात सांगितलं, की प्रवासी पूर्ण रक्कम एकाकडूनही वसूल करू शकतो. ट्रकवाला समोर नसताना न्यायाधिकरण त्याचा वाटा ठरवत नाही. त्यासाठी बसवाल्याने नंतर वेगळी कारवाई करायची. ट्रकवाला सापडलाच नाही तर? तो धोका बसवाल्याचा (म्हणजे बहुधा त्याच्या विमा कंपनीचा). आम्हाला हे रास्त वाटतं, कारण प्रवाशाचा दोष शून्य. जखमी स्वतःच चुकलेला चालक असता, तर मात्र त्याच्या चुकीपुरती रक्कम कापली गेली असती.