ओट्यावरच्या बोर्डातला अलार्म

गॅस गळतीचा अलार्म घरी आणला की तो कुठे लागतो? ओट्याच्या वर, मिक्सरसाठी असलेल्या बोर्डात. तिथे प्लग रिकामा असतो, वायर ओढावी लागत नाही, हिरवा दिवा येता-जाता दिसतो. पण घरात सिलिंडर असो की पाइपचा गॅस, ही जागा दोन्हींसाठी चुकीची आहे, कारण हे दोन गॅस एकमेकांच्या उलट दिशेला जातात.

सिलिंडरमधला एलपीजी म्हणजे प्रामुख्यानं प्रोपेन आणि ब्युटेन. तो हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड असतो. गळाला की ओट्यावरून खाली उतरतो, फरशीवर पसरतो आणि ट्रॉलीच्या कप्प्यांत, कोपऱ्यांत साचतो. पाइपनं येणारा गॅस मुख्यतः मिथेन असतो आणि त्याचं वजन हवेच्या जेमतेम निम्मं. तो सरळ वर जातो आणि छताखाली गोळा होतो. चार फुटांवरचा बोर्ड नेमका या दोघांच्या मधे राहतो.

याचा अंदाज येण्यासाठी एक हिशोब करू. स्वयंपाकघर आठ फूट बाय दहा फूट आहे. दूध उतू गेलं, बर्नर विझला, नॉब मात्र उघडाच राहिला आणि घरातलं माणूस दाराशी बोलत उभं आहे. मध्यम बर्नरमधून तासाला साधारण १४० ग्रॅम, म्हणजे मिनिटाला एक लिटरच्या आसपास गॅस बाहेर पडतो. हवेत एलपीजी सुमारे २ टक्के झाला की ठिणगीनं पेट घेण्याची खालची मर्यादा गाठली जाते. खिडक्या बंद आहेत आणि गॅस फरशीलगतच्या एक फुटाच्या थरात पसरतोय असं धरलं, तर तो थर पेट घेण्याजोगा व्हायला चाळीसेक मिनिटं लागतील. चांगला अलार्म या मर्यादेच्या साधारण एक दशांशावर वाजतो, त्यामुळे फरशीजवळ बसवलेला अलार्म चार-पाच मिनिटांत ओरडेल. बोर्डातल्या अलार्मपर्यंत मात्र तेवढ्या वेळात फारसं काही पोहोचलेलं नसेल. प्रत्यक्षात पंखा, दाराखालची फट, माणसांची ये-जा यांमुळे आकडे बदलतात. सिलिंडर बंद ट्रॉलीत असेल, तर तेवढ्याशा जागेत धोक्याची पातळी बरीच आधी गाठली जाते. म्हणून त्या कप्प्याला तळाशी झरोके हवेत.

तेव्हा एलपीजीसाठी अलार्म फरशीपासून अर्धा ते एक फूट उंचीवर लावावा, शेगडी आणि सिलिंडरपासून साधारण एक ते चार मीटरच्या आत. फरशी धुताना पाणी उडणार नाही अशी भिंत निवडावी. पाइपच्या गॅससाठी तो छतापासून एक फुटाच्या आत हवा. इथे एक बारकावा आहे. दाराची चौकट सात फुटांवर संपते आणि छत नऊ-साडेनऊ फुटांवर असतं. चौकटीच्या वरचा हा दोन-अडीच फुटांचा भाग गॅस अडकण्याची जागा असते, त्यामुळे अलार्म चौकटीच्या वरच्या कडेपेक्षा उंचच हवा. दोन्ही प्रकारांत शेगडीच्या थेट वर, एक्झॉस्ट फॅनजवळ, खिडकीत किंवा पडद्यामागे तो लावू नये.

आता मुंबई-पुण्यात सोसायट्यांमधून पाइपचा गॅस येतोय. सिलिंडर परत जातो, शेगडीचे जेट बदलले जातात, पण फरशीजवळचा अलार्म तिथेच राहतो आणि हिरवा दिवा दाखवत राहतो. नवा गॅस त्याच्या डोक्यावरून छताकडे जातो. अशा वेळी जुना अलार्म उचलून वर ठोकणंही पुरेसं नसतं. तो मिथेनसाठी जुळवलेला आहे का, हे मागच्या लेबलवर पाहावं लागतं. नसेल तर नवाच घ्यावा.

बहुतेक स्वस्त अलार्ममध्ये टिन ऑक्साइडचा छोटा तापता कण असतो. ज्वलनशील वाफ त्याला लागली की त्यातून वीज जास्त सहज वाहते आणि अलार्म वाजतो. वाफ कुणाची, हे त्याला कळत नाही. सॅनिटायझर, थिनर, डिओडरंट यांनीही तो वाजतो. झुरळांच्या स्प्रेमध्ये तर अनेकदा एलपीजीच ढकलगॅस म्हणून भरलेला असतो. याच्या उलट, फोडणीची चिकट वाफ वर्षानुवर्षं जाळीवर बसत गेली, किंवा सिंकभोवती लावलेल्या सिलिकॉनची वाफ लागली, तर तो कण मंदावतो. दिवा हिरवाच राहतो. टेस्टचं बटण बहुधा भोंगा आणि सर्किट तपासतं, कणाची नजर तपासत नाही. म्हणून अलार्मवरची मुदत, साधारण पाच वर्षं, संपली की तो बदलायचाच. शिवाय तो कण तापायला सतत वीज लागते. बॅटरीची सोय नसेल तर वीज गेल्यावर अलार्म आंधळा होतो.

आता आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह. अलार्मनं इशारा दिला की हा सोलेनॉइड व्हॉल्व्ह गॅसची वाट बंद करतो. पण तो फक्त आपल्या पुढचा गॅस अडवतो. तो रेग्युलेटरनंतर नळीवर बसलेला असतो आणि सिलिंडर बदलल्यानंतरची नेहमीची गळती असते रेग्युलेटर आणि सिलिंडर यांच्या सांध्यात, झिजलेल्या रबरी वायसरपाशी. ती गळती व्हॉल्व्हच्या मागे आहे. व्हॉल्व्ह बंद झाला तरी ती चालूच राहते. तिथे रेग्युलेटर काढून सेफ्टी कॅप लावणं, हाच उपाय. पाइपच्या गॅससाठी हा व्हॉल्व्ह कंपनीच्या अधिकृत माणसाकडूनच बसवून घ्यावा. रेग्युलेटरजवळ बसवायचं, काटा असलेलं एक उपकरणही बाजारात मिळतं. नळी फाटून एकदम जास्त गॅस वाहू लागला तरच ते अडवतं. विझलेल्या बर्नरचा गॅस त्याच्या दृष्टीनं नेहमीचाच स्वयंपाक.

व्हॉल्व्ह घेताना दुकानदाराला एक प्रश्न जरूर विचारा: वीज जाऊन परत आली की काय होतं? काही व्हॉल्व्ह वीज असेपर्यंतच उघडे राहतात. वीज गेली की बंद होतात आणि कुकरखालची ज्योत विझते. माणूस टॉर्च शोधायला जातो, नॉब तसाच राहतो. वीज आली, व्हॉल्व्ह आपोआप उघडला, तर न पेटलेला गॅस बाहेर येऊ लागतो. म्हणून एकदा बंद झाल्यावर हातानंच उघडावा लागणारा व्हॉल्व्ह घ्यावा.

अलार्म वाजला की त्याचा आवाज असह्य होऊन लोक पहिल्यांदा त्याचा प्लग ओढतात. हे करू नका. प्लग निघताना ठिणगी पडते. दिवा, पंखा, एक्झॉस्ट, कशाचंच बटण चालू किंवा बंद करू नका. नॉब आणि रेग्युलेटर बंद करा, खिडक्या-दारं उघडा, सगळे बाहेर या आणि बाहेरूनच फोन करा. एलपीजीसाठी देशभरात १९०६ हा क्रमांक आहे.

आणि एक विषारी वायू या अलार्मच्या कक्षेबाहेर राहतो. बंद बाथरूममध्ये गॅस गिझर चालतो, हवा कमी पडते, ज्वलन अर्धवट होतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. अगदी थोडा असला तरी माणूस बेशुद्ध पडतो, आणि तेवढ्यावर स्वयंपाकघरातला गळतीचा अलार्म वाजत नाही. त्याचा अलार्म वेगळा मिळतो. गिझर मात्र बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवायचा असतो, अलार्म असला तरीही.