रांजणवाडी की गाठ? पापणीवरचा फोड महिनाभर बसला नाही तर काय करायचे, जाणून घ्या

पापणीवर फोड आला की धाराशिव जिल्ह्यात त्याला सरसकट रांजणवाडी म्हणतात. कुणी लवंग उगाळून लावते, कुणी तळहातावर बोट चोळून शेकते. चार-पाच दिवसांत फोड फुटतो आणि विषय संपतो. पण काही वेळा दुखणे थांबते आणि वाटाण्याएवढी गाठ तशीच राहते. डॉक्टर त्या गाठीला 'कॅलेझिऑन' म्हणतात. तिच्यावर रांजणवाडीचे औषध चालत नाही.

रांजणवाडी हा जंतुसंसर्ग आहे. पापणीच्या केसाच्या मुळाशी बहुधा स्टॅफिलोकोकस नावाचे जंतू वाढतात आणि तिथे पू होतो. त्यामुळे पापणीची कड लाल होते, हात लावला तरी ठणकते आणि टोकाला पिवळसर ठिपका दिसतो.

कॅलेझिऑनचे कारण वेगळे आहे. पापणीच्या आत तेल तयार करणाऱ्या ग्रंथींची रांग असते. वरच्या पापणीत त्या साधारण तीस-चाळीस असतात, खालच्या पापणीत त्याहून कमी. हे तेल अश्रूंवर थर धरते आणि डोळा कोरडा पडू देत नाही. एखाद्या ग्रंथीचे तोंड बुजले की तेल आतच साचते, शरीर त्याभोवती सूज धरते आणि गाठ तयार होते. ही गाठ कडेपासून थोडी आत असते, टणक लागते आणि सहसा दुखत नाही. वरची कातडी बोटाने सरकवली तर ती गाठीवरून मोकळी सरकते. गाठीत जंतू नसल्याने अँटिबायोटिकच्या गोळ्या खाऊन ती विरघळत नाही. मेडिकलमधून परस्पर ट्यूब आणणाऱ्यांचे पैसे बहुतेक इथेच वाया जातात.

एकाचे दुसरे कसे होते?

समजा, तुळजापूर तालुक्यातील तीस वर्षांच्या एका शिक्षिकेची वरची पापणी सोमवारी सुजली आणि दुखू लागली. शनिवारपर्यंत दुखणे गेले, लाली उतरली, पण गाठ राहिली. म्हणजे सुरुवातीला संसर्ग तेलग्रंथीतच होता. तो शमला, पण ग्रंथीचे तोंड बंदच राहिले. आता उपाय शेकण्याचा. स्वच्छ कापड सोसेल इतक्या गरम पाण्यात बुडवून, पिळून मिटलेल्या डोळ्यावर दहा मिनिटे ठेवायचे, दिवसातून तीन-चार वेळा. कापड दोन मिनिटांत गार होते, म्हणून ते पुन्हा पुन्हा बुडवावे लागते. बहुतेक जण नेमके हेच टाळतात आणि शेकून फरक पडत नाही म्हणतात. पाणी आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहावे. शेकल्यावर बोटाने गाठीपासून केसांच्या दिशेने हलके चोळावे. घट्ट झालेले तेल पातळ होऊन बाहेर यावे, एवढाच हेतू. गाठ पिळायची किंवा सुईने टोचायची नाही.

चार ते सहा आठवडे नियमित शेकूनही गाठ तशीच असेल, वाढत असेल किंवा डोळ्यावर दाब येऊन अंधुक दिसत असेल, तर ती काढून टाकण्याचा विचार होतो. पापणीला इंजेक्शन देऊन भूल देतात, ती चिमट्यात धरून उलटवतात आणि आतल्या बाजूने छोटा छेद घेऊन साचलेला भाग खरवडून काढतात. छेद आतून असल्याने बाहेर व्रण दिसत नाही आणि टाके सहसा लागत नाहीत. काही तासांची पट्टी, काही दिवसांचे मलम, आणि रुग्ण त्याच दिवशी घरी. लहान मुलांना मात्र बऱ्याचदा पूर्ण भूल द्यावी लागते. काही डॉक्टर गाठीत स्टेरॉइडचे इंजेक्शन देतात. पण सावळ्या कातडीवर त्याने पांढुरका डाग पडू शकतो, तेव्हा आधी विचारून घ्यावे.

हे दुर्लक्षित करू नका

चाळिशी-पन्नाशीनंतर त्याच जागी गाठ पुन्हा आली, तिथले पापणीचे केस गळाले किंवा जखम होऊन रक्त येऊ लागले, तर ती साधी गाठ मानू नये. तेलग्रंथीचा कर्करोग अगदी कॅलेझिऑनसारखा दिसतो आणि भारतात पापणीच्या कर्करोगांत त्याचे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा बरेच जास्त आढळते. अशा वेळी खरवडून काढलेला भाग फेकून न देता तपासणीला पाठवायला हवा. 'तुकडा लॅबला जाणार का?' हे रुग्णाने स्वतः विचारावे.

वारंवार रांजणवाडी येत असेल तर रक्तातील साखर तपासून घ्यावी. आणि ताप येऊन अख्खी पापणी सुजली, डोळा फिरवताना दुखू लागले, तो बाहेर आल्यासारखा वाटू लागला किंवा नजर कमी झाली, तर सहा आठवडे थांबायचे नाही, त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे. धाराशिवच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात किंवा जवळच्या उपजिल्हा रुग्णालयात साध्या गाठीसाठी जाताना नेत्र ओपीडीचा दिवस आधी विचारून निघावे, म्हणजे एसटीची फेरी वाया जात नाही.