कललेलं विमान आणि वाढलेलं वजन

24 जून 1994. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या फेअरचाइल्ड हवाई तळावर प्रदर्शनाची रंगीत तालीम सुरू होती. धावपट्टीवर दुसरं विमान असल्याने आठ इंजिनांच्या बी-52 बाँबरला उतरता आलं नाही. मग त्याच्या वैमानिकाने नियंत्रण मनोऱ्याभोवती डावीकडे पूर्ण फेरी मारण्याची परवानगी घेतली. उंची जेमतेम 250 फूट. वळणात विमान 60 अंशांहून अधिक कललं, मग पार आडवं झालं आणि कोसळलं. आतले चौघेही गेले.

इंजिनं चालू होती. वेगही सुमारे 145 नॉट, म्हणजे ताशी 270 किलोमीटरच्या आसपास होता. सरळ उडणाऱ्या त्या विमानाला हा वेग खुशाल पुरला असता. कललेल्या विमानाला तो पुरला नाही.

विमानाला वर धरून ठेवणारं बल, म्हणजे लिफ्ट, पंखांना काटकोनात असतं. विमान सपाट असेल तर ते सरळ वर लागतं आणि वजन तोलतं. विमान कललं की हे बलही त्याच्याबरोबर कलतं. त्याचा एक हिस्सा विमानाला बाजूला ओढतो. वळण घडतं ते त्यामुळेच. पण वर ओढणारा हिस्सा तेवढा कमी होतो, आणि वजन मात्र होतं तेवढंच राहतं. उंची टिकवायची तर एकूण लिफ्ट वाढवावी लागते. भरलेली घागर दोघांनी दोन दोरांनी उचलावी आणि मग एकमेकांपासून लांब सरकावं, तसंच हे. घागरीचं वजन बदलत नाही, पण दोर जितके तिरके होतात तितका ताण वाढतो.

या लिफ्टला वजनाने भागलं की जो आकडा येतो, त्याला लोड फॅक्टर म्हणतात. सपाट उड्डाणात तो 1 असतो. 30 अंशांच्या कलात तो 1.15 होतो. एवढा फरक प्रवाशाला कळतही नाही. 45 अंशांना तो 1.41 होतो आणि 60 अंशांना थेट 2. सत्तर किलोचा माणूस खुर्चीत एकशेचाळीस किलोने दबतो. 75 अंशांना आकडा चारच्या जवळ जातो. सुरुवातीला रेंगाळणारा हा चढ शेवटी कड्यासारखा उभा होतो. यात विमानाचं वजन किंवा वेग कुठेच येत नाही. उंची न सोडता 60 अंशांत वळणारं दोन आसनी विमान असो की बी-52, आकडा 2 च.

आता स्टॉल. पंख आणि समोरून येणारी हवा यांतला कोन एका मर्यादेपलीकडे गेला की हवा पंखाच्या पाठीवरून सुटते आणि लिफ्ट ढासळते. म्हणजे स्टॉल होतो तो कोनामुळे. वेग त्या कोनाची केवळ खूण. वळणात जास्त लिफ्ट हवी म्हणून वैमानिक दांडा मागे ओढतो, कोन वाढतो, आणि मर्यादा जास्त वेगातच गाठली जाते. लिफ्ट वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून स्टॉलचा वेग लोड फॅक्टरच्या वर्गमुळाने वाढतो. लोड फॅक्टर दुप्पट, तर स्टॉलचा वेग 1.41 पट. बी-52 चा 60 अंशांच्या वळणातला स्टॉल वेग 147 नॉट काढण्यात आला. उलट हिशेब केला तर सपाट उड्डाणात तो 104 च्या आसपास येतो.

छोट्या विमानांत हा सापळा उतरतानाच्या शेवटच्या वळणावर असतो. समजा स्टॉलचा वेग 50 नॉट आहे आणि विमान 65 नॉटने येतंय. वळायला उशीर झाला, धावपट्टीची रेघ ओलांडली जातेय असं दिसलं, की हात आपोआप विमान आणखी कलवतो आणि दांडा ओढतो. 45 अंशांत उंची राखायला गेलं तर स्टॉलचा वेग जवळपास 60 होतो, म्हणजे हाताशी पाचच नॉट उरतात. 60 अंशांत तो 71 होतो. वेगमापक अजून 65 च दाखवतोय, त्यामुळे त्यावर विसंबणारा फसतो. खरी खबर अंगाला कळते: खुर्चीत दबणं, दांडा ओढायला लागणारा वाढता जोर, मग स्टॉलचा भोंगा आणि पंखांची थरथर.

इथे एक बारकावा सुटतो. नुसतं कलल्याने स्टॉलचा वेग वाढत नाही, ओढल्याने वाढतो. दांडा सैल सोडून विमानाला खाली झुकू दिलं, तर 60 अंशांच्या कलातही लोड फॅक्टर उतरतो आणि त्याबरोबर स्टॉलचा वेगही. सुटकेचा मार्ग हाच: आधी दांडा पुढे, मग पंख सपाट. त्यासाठी पायाखाली उंची लागते, आणि 250 फुटांवर ती नव्हती. म्हणूनच धावपट्टीभोवतीच्या फेरीत 30 अंशांपलीकडे कलायचं नाही, रेघ चुकली तर वळण आवळायचं नाही, पॉवर देऊन पुन्हा फेरी घ्यायची, असं शिकाऊ वैमानिकांना बजावलं जातं.