नोंद आहे, पण सापडत नाही

जावाच्या `HashMap`मध्ये [1, 2] ही यादी किल्ली म्हणून ठेवली, की तिच्यातल्या आकड्यांवरून 994 हा हॅश निघतो. सोळा कप्प्यांपैकी 2 क्रमांकाच्या कप्प्यात नोंद जाते. मग कुणीतरी त्याच यादीत 3 जोडतो. हॅश आता 30817 होतो आणि शोध 1 क्रमांकाच्या कप्प्यात जातो. तो रिकामा, म्हणून उत्तर `null`. जुनी [1, 2] देऊन पाहिलं तर कप्पा बरोबर मिळतो, पण आतली किल्ली आता [1, 2, 3] असल्याने जुळत नाही. गंमत म्हणजे सगळा नकाशा छापला तर नोंद ठळक दिसते! चूक ओळखण्याची खूण तीच. पायथन यादीला किल्ली म्हणून सरळ नाकारतो. मला ते जास्त शहाणपणाचं वाटतं. जावात `List.copyOf`ने न बदलणारी प्रत किल्ली म्हणून द्यावी.