मुलाखतीचा प्रवासखर्च मिळाला नाही? स्मरणपत्र कसे लिहावे, कोणाला लिहावे

रायपूर : मुलाखतीसाठी परगावी बोलावणाऱ्या अनेक कंपन्या जाण्यायेण्याचे भाडे देण्याचे मान्य करतात. मुलाखत होते, तिकिटे सादर केली जातात आणि पुढे महिनाभर खात्यात काहीच जमा होत नाही. विचारावे, तर नोकरीच्या निर्णयावर परिणाम होईल अशी धास्ती वाटते. न विचारावे, तर घरून उसने घेतलेले पैसे अडकून राहतात. रायपूरहून पुणे किंवा मुंबई गाठायची, तर अंतर हजार किलोमीटरहून अधिक आहे. वातानुकूलित डब्याने जाऊन परत यायचे म्हटले की नोकरी शोधणाऱ्या तरुणासाठी ही रक्कम लहान राहत नाही. अशा वेळी मागणी कशी करावी, याचा हा आढावा.

पैसे बहुधा कोठे अडकतात

कंपनीचा कर्मचारी प्रवासाचे देयक देतो, तेव्हा त्याचे नाव आणि बँक खाते वेतनाच्या नोंदीत आधीच असते. उमेदवाराची तशी नोंद नसते. म्हणून बहुतेक कंपन्यांच्या लेखा विभागात त्याच्यासाठी वेगळे खाते उघडावे लागते आणि त्यासाठी रद्द केलेला धनादेश किंवा पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत लागते. त्याआधी मनुष्यबळ विभागाने देयक तपासून मंजुरी द्यावी लागते. मुलाखतीचा दिवस ठरवणारी व्यक्ती मनुष्यबळ विभागात असते, तर पैसे लेखा विभाग पाठवतो. देयक या दोन टेबलांच्या मध्ये पडून राहते आणि प्रत्येक टेबल ते दुसऱ्याकडे आहे असे समजते.

त्यामुळे पहिले स्मरणपत्र तक्रार म्हणून लिहू नये. देयक नेमके कोणत्या टप्प्यावर थांबले आहे हे विचारणारे आणि ते पुढे सरकण्यासाठी लागणारे सर्व कागद पुन्हा हाती देणारे पत्र अधिक उपयोगी पडते. वाचणाऱ्याला जुने टपाल शोधावे लागले नाही, तर तो ते त्याच दिवशी पुढे पाठवण्याची शक्यता वाढते.

पत्र लिहिण्यापूर्वी

प्रथम मुलाखतीचे मूळ पत्र किंवा ई-मेल पुन्हा वाचावे. कोणत्या वर्गाचे भाडे मान्य आहे, ते एका बाजूचे की दोन्ही बाजूंचे, सर्वांत जवळच्या मार्गाची अट आहे का आणि किती दिवसांत पैसे देण्याचे म्हटले आहे, एवढे पाहावे. सरकारी उपक्रमांच्या भरती जाहिरातींत हे नियम बहुधा छापलेलेच असतात. खासगी कंपनीत अनेकदा त्यासाठी एकच वाक्य असते, म्हणून ते शब्दशः जवळ ठेवावे. अर्जावर पत्ता रायपूरचा असेल आणि उमेदवार नातेवाइकांकडून नागपूरहून निघाला असेल, तर तिकीट आणि पत्ता जुळत नाही म्हणून देयक थांबू शकते. अशा वेळी एका ओळीचा खुलासा पुरतो.

मुदत मुलाखतीच्या दिवसापासून मोजायची की देयके सादर केल्यापासून, हेही पाहावे. पत्रात काहीच लिहिलेले नसेल, तर देयके दिल्यापासून तीस दिवस थांबणे सामान्यतः रास्त ठरते.

त्यानंतर आपले खाते तपासावे. कंपनीने दिलेली रक्कम तिकिटाच्या एकूण आकड्याहून थोडी कमी असू शकते, कारण ऑनलाइन आरक्षणातील सुविधा शुल्क किंवा दलालाचे शुल्क अनेक कंपन्या मान्य करत नाहीत. म्हणून केवळ पूर्ण रकमेचा शोध न घेता त्या काळातील सर्व जमा नोंदी पाहाव्यात. खाते दीर्घकाळ वापरात नसेल किंवा ओळखपत्राची पडताळणी अपुरी असेल, तर आलेली रक्कम परत जाऊ शकते. खाते क्रमांकाचा एक आकडा चुकला, तर ती दुसऱ्याच्या खात्यात पोहोचण्याचाही धोका असतो, कारण नेफ्ट व्यवहारात रक्कम खाते क्रमांकावरून जमा होते, नावावरून नाही. नेफ्ट सेवा 16 डिसेंबर 2019 पासून चोवीस तास आणि सुटीच्या दिवशीही चालते. त्यामुळे बँकेला सुटी होती, हे दीर्घ विलंबाचे कारण राहत नाही.

एक उदाहरण

रायपूरच्या एका वाणिज्य पदवीधराला पुण्यातील कंपनीने मुलाखतीस बोलावले, असे समजू. 22 डिसेंबरच्या पत्रात रेल्वेच्या तृतीय श्रेणी वातानुकूलित डब्याचे दोन्ही बाजूंचे भाडे देयके दिल्यापासून तीस दिवसांत देण्याचे म्हटले होते. 6 जानेवारीला मुलाखत झाली. त्याच दिवशी त्याने दोन्ही तिकिटांच्या छापील प्रती आणि बँकेचा तपशील स्वागतकक्षात दिला, मात्र पोच घेतली नाही. दोन्ही तिकिटांचे मिळून 3,640 रुपये झाले. तीस दिवसांची मुदत 5 फेब्रुवारीला संपली. आणखी काही दिवस थांबून 10 फेब्रुवारीला त्याने, ज्या ई-मेलने बोलावणे आले होते त्यालाच उत्तर म्हणून स्मरणपत्र पाठवले. पत्र इंग्रजीत किंवा हिंदीत जाईल. त्याचा आशय असा असावा :

"विषय : 6 जानेवारीच्या मुलाखतीचा प्रवासखर्च, रुपये 3,640

महोदया, सहायक लेखापाल पदाच्या मुलाखतीसाठी मी 6 जानेवारी रोजी आपल्या पुणे कार्यालयात उपस्थित होतो. आपल्या 22 डिसेंबरच्या पत्रानुसार दोन्ही बाजूंचे रेल्वेभाडे देयके सादर केल्यापासून तीस दिवसांत मिळणार होते. तिकिटे व बँकेचा तपशील मी त्याच दिवशी स्वागतकक्षात दिला होता. ही रक्कम अद्याप माझ्या खात्यात जमा झालेली नाही. देयक सध्या कोणत्या टप्प्यावर आहे आणि माझ्याकडून एखादा कागद अपुरा आहे का, हे कृपया कळवावे. सोयीसाठी सर्व कागद एकाच फाइलमध्ये पुन्हा जोडले आहेत. रक्कम पाठवली असल्यास तारीख आणि व्यवहाराचा यूटीआर क्रमांक द्यावा, म्हणजे मला बँकेत चौकशी करता येईल."

या पत्रात विनंती एकच आहे आणि तिला उत्तर देता येईल असे दोन प्रश्न आहेत. निवडीच्या निकालाची विचारणा त्यात नाही. निकालासाठी वेगळा ई-मेल लिहावा. दोन्ही विषय एकत्र केले, तर वाचणारा निकाल ठरेपर्यंत उत्तर टाळतो आणि पैशांचाही प्रश्न लांबणीवर पडतो. आर्थिक अडचणीचे वर्णनही नाही, कारण ठरलेली रक्कम मागण्यास कारण द्यावे लागत नाही.

तीन दिवसांनी उत्तर आले की लेखा विभागाकडे परतीचे तिकीट आणि रद्द धनादेश पोहोचलेलेच नाहीत. स्वागतकक्षातून निघालेला कागद वाटेत सुटला होता. दोन्ही प्रती ई-मेलला जोडलेल्याच असल्याने त्या तेथूनच पुढे गेल्या आणि फेब्रुवारी संपण्यापूर्वी रक्कम जमा झाली. ती 3,640 ऐवजी 3,600 रुपये होती, कारण आरक्षणाचे सुविधा शुल्क वगळले होते. मूळ पत्रात केवळ भाड्याचा उल्लेख असल्याने या फरकाबद्दल वाद घालण्यात अर्थ नव्हता.

कोणते कागद जोडावेत

तिकिटावर प्रवाशाचे नाव, दहा अंकी पीएनआर, वर्ग आणि भाडे स्पष्ट दिसले पाहिजे. मात्र तिकीट काढणे आणि प्रवास करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रतीक्षायादीतील ई-तिकिटाचे एकही आसन निश्चित झाले नाही, तर ते आपोआप रद्द होऊन पैसे परत येतात. म्हणून काही कंपन्या प्रवास झाल्याचा पुरावा मागतात. आरक्षित प्रवासात अंतिम तक्त्यानंतरचा डबा व आसन क्रमांकाचा संदेश जपून ठेवावा. अनारक्षित किंवा बसच्या तिकिटाचे छायाचित्र प्रवासातच काढावे, कारण यंत्रावर छापलेल्या कागदाची शाई काही आठवड्यांत फिकी पडते.

उत्तर न आल्यास

सात कामकाजाच्या दिवसांनी त्याच ई-मेल साखळीत दुसरे पत्र पाठवावे. त्यात आधीच्या पत्राची तारीख द्यावी आणि लेखा विभागाचा पत्ता माहीत असल्यास त्यांनाही प्रत पाठवावी. त्याच वेळी कंपनीच्या मुख्य दूरध्वनीवर "उमेदवारांच्या प्रवास देयकाचे काम कोण पाहते" एवढेच विचारावे. संवाद झाला, तर त्याचा सारांश लगेच ई-मेलने कळवावा, कारण फोनवरच्या आश्वासनाची नोंद राहत नाही. तिसरे पत्र मनुष्यबळ विभागप्रमुखांना जावे आणि त्यात एक निश्चित तारीख सुचवावी. मार्च महिना चालू असेल, तर हे लवकर करावे. 31 मार्चला वर्षाचे हिशेब बंद होतात आणि मागील वर्षाच्या खर्चासाठी काही ठिकाणी नव्याने मंजुरी घ्यावी लागते.

मुलाखत भरती संस्थेमार्फत झाली असल्यास खर्च देण्याचे कोणी लिहिले होते, हे आधी पाहावे. संस्थेने स्वतःच्या नावाने आश्वासन दिले असेल, तर मागणीही तिच्याकडेच करावी.

कायदा काय सांगतो

कंपनीच्या विनंतीवरून आणि तिच्या लेखी आश्वासनावर विसंबून उमेदवार प्रवास करतो, तेव्हा भारतीय करार अधिनियम, 1872 नुसार हा प्रवास त्या आश्वासनाचा मोबदला ठरू शकतो आणि आश्वासन बंधनकारक होऊ शकते. अशा पैशांच्या दाव्यासाठी मुदत अधिनियम, 1963 नुसार सर्वसाधारणपणे तीन वर्षांची मुदत असते. परंतु साडेतीन हजार रुपयांसाठी दिवाणी न्यायालयात जाण्याचा खर्च मूळ रकमेपेक्षा जास्त होतो. उमेदवार हा कंपनीचा कामगार नसल्याने कामगार न्यायालयाचा मार्गही सहसा उपलब्ध नसतो. म्हणून व्यवहारात बळ त्या लेखी वाक्यात आणि नीट क्रमाने ठेवलेल्या पत्रांत असते. कोणतेही लेखी आश्वासन नसेल, तर मागणी केवळ विनंती उरते.

निवड चालू असताना कंपनीचे नाव समाजमाध्यमांवर लिहिणे टाळावे. त्यात आणखी एक धोका असतो. असा मजकूर पाहून स्वतःला कंपनीचा प्रतिनिधी म्हणवणारी व्यक्ती संपर्क साधू शकते आणि पैसे "परत करण्यासाठी" क्यूआर कोड स्कॅन करण्यास किंवा यूपीआय पिन टाकण्यास सांगू शकते. पैसे स्वीकारण्यासाठी पिन कधीच लागत नाही. बँकेचा तपशील केवळ ज्या अधिकृत ई-मेलवरून मुलाखतीचे बोलावणे आले, त्यालाच उत्तर म्हणून पाठवावा.