निहालीचे नातेवाईक शोधताना

तळोद्याच्या बाजारात भिली बोली सगळीकडे ऐकू येते. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांची वेगळी, डोंगरावरच्या पाड्यांची वेगळी. तिच्यातले काही शब्द मराठीला अनोळखी वाटतात, म्हणून ती एखाद्या लुप्त अनार्य भाषेची लेक असावी, अशी चर्चा अधूनमधून रंगते. 'भिल्ल' हा शब्द द्राविडी भाषांतल्या धनुष्यवाचक 'विल्' किंवा 'बिल्लु'वरून आला असावा, हे मत बऱ्याच अभ्यासकांना पटण्याजोगे वाटते. पण नावाचा उगम म्हणजे भाषेचे कूळ नव्हे. भिलीचे अंकवाचक शब्द, सर्वनामे आणि क्रियापदांची रूपे गुजराती-मराठीच्या घराण्यातली आहेत. एका शब्दावरून कूळ ठरवायची घाई मात्र फार जुनी आहे, आणि तिचे सर्वात बोलके उदाहरण याच सातपुड्याच्या कडेकडेने पूर्वेला गेल्यावर बुलढाणा जिल्ह्यात सापडते.

जळगाव जामोद तालुक्यातल्या काही गावांत निहाली (नहाली) बोलली जाते. बोलणारे दोन-अडीच हजार. डच पंडित कायपर यांनी 1962 साली तिचा तुलनात्मक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात आढळले की शब्दसंग्रहाचा एक तृतीयांशाहून थोडा अधिक भाग शेजारच्या कोरकूचा, काही द्राविडी, बराचसा मराठी-हिंदीचा, आणि सुमारे एक चतुर्थांश कुणाचाच नाही. दोन, तीन, चारसाठी 'इरार', 'मोठो', 'नालो' म्हणतात, ते उघडच द्राविडी वळणाचे आहेत. पण डोळ्याला 'जिकी', पाण्याला 'जोप्पो'. कोरकूत डोळा 'मेड', पाणी 'डा'. तमिळमध्ये डोळा 'कण्'. या 'जिकी'चे आणि 'जोप्पो'चे गोत्र कोणते?

ही रिकामी जागा अभ्यासकांना खुणावत राहिली. मुंडा, द्राविडी, तिबेटी-बर्मी झाले, मग जपानच्या उत्तरेकडच्या ऐनू भाषेशीही जुळवाजुळव झाली. दूरदूरच्या भाषांची नाती शोधणाऱ्या 'मदर टंग' या नियतकालिकाने 1996 साली निहालीला मोठी जागा दिली. नेपाळातली कुसुंडा ही अशीच एकटी भाषा. तिला 2004 साली काही संशोधकांनी न्यू गिनी आणि अंदमानच्या 'इंडो-पॅसिफिक' गटात बसवले. हा गट जोसेफ ग्रीनबर्ग यांनी 1971 साली मांडला होता आणि बहुतेक भाषाशास्त्रज्ञांनी तो स्वीकारलेला नाही. एखाद्या मताला विरोध आहे म्हणजे ते खोटे, असे माझे म्हणणे नाही. माझा प्रश्न एवढाच आहे की नाते अजिबात नसतानाही किती साम्य सापडेल, हे मोजले आहे का?

मोजणी अवघड नाही. शंभर मूलभूत अर्थांची यादी घ्या: डोळा, पाणी, हात, अग्नी, मी, तू असे. दोन्ही भाषांतली व्यंजने आठ ढोबळ गटांत पाडा, म्हणजे प-ब-फ-भ एक गट, क-ग-ख-घ दुसरा. समजा एक गट 20 टक्के शब्दांच्या सुरुवातीला येतो, दोन गट 15-15 टक्के, आणि उरलेले पाच 10-10 टक्के. तर कोणतेही नाते नसताना दोन शब्दांचे पहिले व्यंजन एकाच गटात पडण्याची शक्यता या टक्केवारींच्या वर्गांची बेरीज, म्हणजे सुमारे 13.5 टक्के. शंभरात तेरा-चौदा शब्द निव्वळ योगायोगाने जुळतील. दुसरे व्यंजनही तसेच जुळायला हवे, अशी अट घातली तर उरतात जेमतेम दोन.

इथवर ठीक. पण प्रत्यक्षात जुळवणारा माणूस एवढा कडक राहत नाही. डोळ्यासाठी जुळले नाही तर तो चेहरा, पाहणे, अश्रू, झोप यांचेही शब्द चाळतो. प्रत्येक शब्दाला अशा पाच संधी दिल्या की दोन्ही व्यंजने जुळण्याची शक्यता सुमारे 9 टक्क्यांवर जाते. आता समोर एक भाषा नसून वीस आहेत आणि त्यांपैकी कुठलीही चालेल, असे धरा. या संधी एकमेकींपासून स्वतंत्र मानल्या, तर शंभरापैकी सुमारे 84 शब्दांना कुठे ना कुठे 'नातेवाईक' मिळतो. एकही खरे नाते नसताना! निहालीसमोर मुंडा, द्राविडी, तिबेटी-बर्मी, ऐनू, कुसुंडा असा मोठा घोळका उभा असल्यावर तिच्या शब्दांना साम्य न सापडते तरच नवल होते.

ग्रीनबर्ग यांचे म्हणणे असे की अनेक भाषा एकत्र पाहिल्या की योगायोग गळून पडतो. तेच रूप पाच-सहा भाषांत पुन्हा पुन्हा येणे योगायोगाने होत नाही. युक्तिवाद चुकीचा नाही, पण त्याला अट आहे. त्या पाच-सहा भाषा आधीच ठरवलेल्या असाव्या लागतात. पन्नास भाषांतून जिथे जुळले त्या पाच निवडल्या, तर त्याचा उलटाच परिणाम होतो.

सर्वनामांबाबत विशेष सावध राहायला हवे. निहालीत 'तू'साठी 'ने', तमिळमध्ये 'नी', चिनीतही 'नी'. मन हुरळून जाते. पण सर्वनामे आखूड असतात, आणि म-न हे ध्वनी जवळपास प्रत्येक भाषेत असतात व सर्वनामांत वारंवार वापरले जातात. तिथे जुळणीची योगायोगाची पातळी यादीतल्या इतर शब्दांपेक्षा वरचीच धरायला हवी. ऑस्ट्रेलियातल्या म्बाबाराम भाषेत कुत्र्याला चक्क 'डॉग' म्हणतात, इंग्रजीसारखेच. भाषाशास्त्रज्ञ डिक्सन यांनी तो शब्द शेजारच्या भाषांतल्या 'गुडगा'सारख्या रूपावरून कसा झिजत आला ते दाखवले आहे. इंग्रजीचा त्यात काही हात नाही.

खऱ्या नात्याची ओळख सारखेपणात नसते, नियमितपणात असते. मराठी 'चाक' आणि इंग्रजी 'व्हील' एकाच मूळ शब्दाची लेकरे आहेत, दिसत नसली तरी. 'देव' आणि लॅटिन 'देउस' सख्खे, पण ग्रीक 'थेऑस' मात्र परका. हे कळते ते रांगेने जुळणाऱ्या ध्वनींवरून. संस्कृत 'पितृ', 'पाद', 'पञ्च' यांच्या प-समोर इंग्रजीत फादर, फूट, फाइव्ह यांचा फ उभा राहतो. डोनाल्ड रिंज यांनी 1992 साली याच गोष्टीचे गणित मांडले. शंभर शब्दांत एका भाषेत प-ने सुरू होणारे 10 आणि दुसरीत फ-ने सुरू होणारे 8 असतील, तर योगायोगाने एकत्र येणे अपेक्षित आहे एका शब्दाहूनही कमी, 0.8. ते पाच वेळा आले तर शंका घ्यायला जागा उरत नाही. या पद्धतीवरही आक्षेप घेतले गेले आहेत, विशेषतः ध्वनींचे गट कसे पाडावेत यावर. पण एक सोपी खातरजमा कोणीही करू शकतो. रॉबर्ट ऑस्वाल्ट यांनी 1970 साली सुचवलेली: दुसऱ्या भाषेची यादी एकेक घर खाली सरकवा, म्हणजे 'डोळा'समोर 'कान' येईल, 'कान'समोर 'नाक'. अशा मुद्दाम चुकवलेल्या जोड्यांत जेवढी साम्ये सापडतील, तेवढी योगायोगाची. खऱ्या जोड्यांतली संख्या त्याहून ठळकपणे जास्त नसेल, तर हाती काही लागले नाही.

काळाचे गणितही निष्ठुर आहे. मॉरिस स्वॉडेश यांच्या अंदाजाने शंभर शब्दांच्या यादीतले हजार वर्षांत सुमारे 86 टिकतात. हा दर सर्वत्र सारखा नसतो, पण ढोबळ कल्पना येते. दोन भाषा वेगळ्या होऊन पाच हजार वर्षे झाली तर दोघींत समान मूळ शब्द राहतात बावीसेक, दहा हजारांनंतर पाचच. एका व्यंजनाची सैल कसोटी लावली की योगायोगाचे तेरा-चौदा शब्द मिळतात, त्यांत हे पाच कुठे दडलेत, हे यादीवरून सांगता येणार नाही. निहालीचे ऐनूशी नाते नाही, असे म्हणण्याइतका पुरावा आपल्याकडे नाही. ते आहे, असे म्हणण्याइतका तर नाहीच.

निहालीच्या बाबतीत एक ठोस तपासणी मात्र आत्ताही मांडता येते. तिचे 'जो' (मी), 'जिकी' आणि 'जोप्पो' हे तीनही शब्द ज-नेच सुरू होतात. ज्या भाषेशी नाते सांगायचे, तिच्यातले मी, डोळा आणि पाणी यांचे शब्द यांचेच नातेवाईक म्हणून पुढे केले, तर त्यांच्या सुरुवातीला एकच ठरावीक ध्वनी यायला हवा, किंवा फरक असेल तर त्यामागचा नियम इतर शब्दांतही दिसायला हवा. तो ज-च असला पाहिजे असे नाही, ड असो वा स. एकदा 'जिकी'साठी ज, एकदा 'जोप्पो'साठी च, आणि 'जो'साठी तिसरेच काही, अशी सवलत नियमाशिवाय मागितली की दावा तिथेच थांबतो.