बॅटरीवरील ग्राफीनचे दावे

बॅटरीवरील ग्राफीनचे दावे म्हणजे इन्व्हर्टर, विद्युत दुचाकी, ई-रिक्षा, पॉवर बँक इत्यादींच्या बॅटऱ्यांच्या वेष्टनावर ‘ग्राफीनयुक्त’, ‘नॅनो-कार्बन’, ‘दुप्पट आयुष्य’ अशा शब्दांत केलेली विधाने. यांपैकी काही विधानांमागे खरे रसायनशास्त्र असते. परंतु ‘ग्राफीन बॅटरी’ हा बॅटरीचा स्वतंत्र प्रकार नाही. बाजारात या नावाने मिळणारी बॅटरी ही मुळात शिसे-आम्ल किंवा लिथियम-आयन बॅटरीच असते व तिच्या पट्ट्यांमध्ये कार्बनचे अल्प मिश्रण केलेले असते. असे मिश्रण बॅटरीची कोणती उणीव भरून काढू शकते व कोणती नाही, हे माहीत असल्यास दाव्याची पारख करता येते. या लेखात मुख्यतः घरगुती इन्व्हर्टरसाठी वापरल्या जाणाऱ्या शिसे-आम्ल बॅटरीचा विचार केला आहे.

## ‘ग्राफीन’ या शब्दाचा अर्थ

ग्राफीन म्हणजे कार्बनच्या अणूंचा केवळ एक अणू जाडीचा थर. मँचेस्टर विद्यापीठातील आंद्रे गाइम व कॉन्स्टंटिन नोव्होसेलोव्ह यांनी इ.स. २००४ मध्ये तो ग्रॅफाइटपासून वेगळा केल्याचे प्रसिद्ध केले. या कार्यासाठी त्यांना २०१० चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेच्या परिभाषेनुसार ‘ग्राफीन’ हा शब्द एकाच थरासाठी आहे. तीन ते दहा थरांच्या पदार्थास ‘अल्पथरी ग्राफीन’ म्हणतात. त्याहून जाड पापुद्रे व्यवहारात बारीक ग्रॅफाइटच ठरतात.

हा फरक महत्त्वाचा आहे. सिंगापूर येथील संशोधकांनी जगभरातील साठ उत्पादकांकडून ‘ग्राफीन’ म्हणून विकली जाणारी भुकटी घेऊन तपासली व निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध केले. बहुतेक नमुन्यांत खऱ्या ग्राफीनचे प्रमाण १० टक्क्यांहून कमी होते आणि एकाही नमुन्यात ते ५० टक्क्यांपर्यंत पोहोचले नाही. त्यामुळे बॅटरी उत्पादकाने प्रामाणिकपणे ‘ग्राफीन’ विकत घेऊन मिसळले असले, तरी पट्टीत प्रत्यक्षात बारीक ग्रॅफाइट गेले असण्याची शक्यता उरते.

## शिसे-आम्ल बॅटरीतील कार्बनचे कार्य

शिसे-आम्ल बॅटरीत ऋण पट्टीवर सच्छिद्र शिसे, धन पट्टीवर शिसे डायऑक्साइड आणि दोहोंमध्ये सौम्य गंधकाम्ल असते. बॅटरी वापरली जाताना दोन्ही पट्ट्यांवर शिसे सल्फेट तयार होते. चार्जिंग करताना ते पुन्हा मूळ रूपात येते. बॅटरी दीर्घकाळ अर्धवट चार्ज अवस्थेत राहिली, तर ऋण पट्टीवरील सल्फेटचे स्फटिक मोठे होत जातात. मोठे स्फटिक सहज विरघळत नाहीत व विद्युतवाहकही नसतात. परिणामी पट्टीचा तेवढा भाग निकामी होतो. यास ‘सल्फेशन’ म्हणतात.

ऋण पट्टीत कार्बन मिसळल्याने स्फटिकांच्या आसपास विद्युतवाहक मार्ग टिकून राहतो आणि चार्जिंग स्वीकारण्याची क्षमता वाढते. ही कल्पना नवीन नाही. ऋण पट्टीच्या मिश्रणात काजळीसारखा कार्बन, बेरियम सल्फेट व लिग्निनपासून मिळणारे द्रव्य अल्प प्रमाणात घालण्याची पद्धत अनेक दशकांपासून रूढ आहे. म्हणून ‘ग्राफीनयुक्त’ बॅटरीची योग्य तुलना कार्बनविरहित बॅटरीशी नव्हे, तर नेहमीचा कार्बन असलेल्या बॅटरीशी करावयास हवी. प्रयोगशाळेतील मोठे आकडे अनेकदा कार्बनविरहित पट्टीच्या तुलनेत मिळालेले असतात.

या उपायाच्या दोन मर्यादा आहेत. कार्बनमुळे ऋण पट्टीवर हायड्रोजन वायू सुटणे सोपे होते. त्यामुळे पाणी अधिक वेगाने घटू शकते व डिस्टिल्ड पाणी वारंवार भरावे लागू शकते. दुसरे म्हणजे धन पट्टीवरील विभव इतके जास्त असते की तेथील कार्बनचे हळूहळू ऑक्सिडीकरण होते. म्हणून धन पट्टीतील कार्बनमुळे कायमचा लाभ होतो, या दाव्यास विशेष पुरावा आवश्यक ठरतो. धन पट्टीच्या जाळीचे गंजणे व सक्रिय द्रव्य झडणे ही बॅटरी संपण्याची नेहमीची कारणे आहेत. ऋण पट्टीतील ग्राफीन ती थांबवू शकत नाही.

## क्षमता वाढते काय?

शिसे-आम्ल बॅटरीची साठवण शिशाच्या रासायनिक क्रियेवर अवलंबून असते. प्रत्येक घटातून एक अँपिअर-तास मिळवण्यासाठी किमान ३.८७ ग्रॅम शिसे आणि ४.४६ ग्रॅम शिसे डायऑक्साइड खर्ची पडते. १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा घट असतात. त्यामुळे १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीस सिद्धांततःदेखील सुमारे ३.५ किलो शिसे व ४ किलो शिसे डायऑक्साइड लागते. प्रत्यक्षात सर्व द्रव्य क्रियेत भाग घेत नसल्याने याच्या दुपटीहून अधिक द्रव्य भरावे लागते.

ऋण पट्ट्यांमध्ये ८ किलो सक्रिय द्रव्य आहे व त्यात अर्धा टक्का ग्राफीन घातले आहे असे मानल्यास ते केवळ ४० ग्रॅम होते. हे ४० ग्रॅम शिशाची जागा घेऊ शकत नाहीत. ते उपलब्ध शिशाचा थोडा अधिक भाग वापरात आणू शकतात, विशेषतः मोठ्या प्रवाहाच्या वेळी. परंतु त्यामुळे साठवण दुप्पट होणे शक्य नाही. यावरून एक साधी कसोटी मिळते. समान प्रकारच्या व समान दर्शवलेल्या क्षमतेच्या दोन बॅटऱ्यांपैकी एक लक्षणीय हलकी असेल, तर तिच्यात शिसे कमी आहे. वजनातील ही तूट ग्राफीनने भरून निघत नाही.

## एक उदाहरण

हिंगोली जिल्ह्यातील शिरड शहापूरसारख्या गावात वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर चालणारे एक घर कल्पनेने घेता येईल. तीन पंखे (प्रत्येकी ७० वॅट), पाच एलईडी दिवे (प्रत्येकी १० वॅट) आणि ८० वॅटचा दूरचित्रवाणी संच मिळून ३४० वॅट भार होतो. इन्व्हर्टरची कार्यक्षमता ८५ टक्के धरल्यास बॅटरीतून ४०० वॅट, म्हणजे सुमारे ३३ अँपिअर प्रवाह घेतला जातो.

बॅटरीवर ‘१५० अँपिअर-तास, सी-२०’ असे लिहिलेले असते. याचा अर्थ ७.५ अँपिअर प्रवाह घेतल्यास ती वीस तास चालते. प्रवाह वाढला की मिळणारे अँपिअर-तास घटतात. पॉयकर्टच्या नियमात घातांक १.२ धरल्यास ३३ अँपिअर प्रवाहाला सुमारे ११० अँपिअर-तासच मिळतात. म्हणजे १५० भागिले ३३ या हिशेबाने अपेक्षित साडेचार तासांऐवजी घर सुमारे तीन तास वीस मिनिटे चालते. सी-१० दराने मोजलेली व सी-२० दराने मोजलेली १५० अँपिअर-तासांची बॅटरी यांत पहिली अधिक सक्षम असते. आकड्यासोबत दर छापलेला नसल्यास तुलना निरर्थक ठरते.

या घरातील जुन्या बॅटरीची क्षमता वापराने ८० टक्क्यांवर आली असेल, तर ती अंदाजे दोन तास चाळीस मिनिटे चालेल. तिच्या जागी ‘ग्राफीन’ बॅटरी बसवल्यावर तीन तास वीस मिनिटे मिळाल्यास ग्राहकास २५ टक्के लाभ दिसतो. मात्र कोणतीही साधी नवी बॅटरी तेवढाच लाभ देईल. समाधानी ग्राहकांच्या अनुभवांत ही गफलत वारंवार आढळते. खरी तुलना समान दराच्या, समान क्षमतेच्या दोन नव्या व पूर्ण चार्ज केलेल्या बॅटऱ्यांमध्ये, समान भारावर व समान अंतिम व्होल्टतेपर्यंतच होऊ शकते.

कार्बनचा लाभ कोठे दिसेल, हेही याच उदाहरणावरून ठरते. वीज क्वचित जात असेल, तर बॅटरी बहुतेक काळ पूर्ण चार्ज असते. तेथे सल्फेशन हा मुख्य दोष नसतो व चांगल्या कार्बनचाही उपयोग अल्प राहतो. भारनियमन लांब चालत असेल व मधल्या वेळेत बॅटरी पूर्ण भरत नसेल, अथवा ती लहान सौर पॅनेलवर चालत असेल, तर ती सतत अर्धवट अवस्थेत राहते. अशा वापरात कार्बनयुक्त ऋण पट्टी आयुष्य वाढवू शकते. म्हणून ‘तिप्पट आयुष्य’ हा आकडा कोणत्या वापरासाठी आहे, हे नमूद असणे आवश्यक आहे. ५० टक्के खोलीपर्यंत वापरून मोजलेली आवर्तने ८० टक्के खोलीच्या आवर्तनांशी थेट ताडून पाहता येत नाहीत.

## बाहेरून घालावयाची मिश्रणे

बॅटरीत वरून ओतण्याच्या ‘संजीवक’ द्रव्यांचा इतिहास जुना आहे. सर्वांत गाजलेले प्रकरण अमेरिकेतील ‘एडी-एक्स२’ या भुकटीचे. तीत मुख्यतः सोडियम व मॅग्नेशियम यांचे सल्फेट होते. राष्ट्रीय मानक संस्थेच्या चाचण्यांत तिचा उपयोग आढळला नाही. परंतु अनेक वापरकर्त्यांनी तिची प्रशंसा केली व विक्रेत्याने राजकीय पाठिंबा मिळवला. मार्च १९५३ मध्ये संस्थेचे संचालक ॲलन ॲस्टिन यांचा राजीनामा मागण्यात आला. शास्त्रज्ञांच्या विरोधानंतर त्यांना पदावर ठेवण्यात आले आणि त्याच वर्षी राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने भुकटी निरुपयोगी असल्याचा निर्वाळा दिला.

वापरकर्ते खोटे बोलत होते असे नव्हे. मिश्रण घातल्यावर बॅटरी सहसा दीर्घकाळ चार्ज केली जाते, आणि संथ व पूर्ण चार्जिंगने ताजे सल्फेट आपोआप विरघळते. त्यामुळे ज्या बॅटरीत काहीही घातले नाही, तिलाही तेवढाच वेळ चार्ज करून शेजारी ठेवल्याशिवाय मिश्रणाचा परिणाम कळत नाही.

## लिथियम-आयन बॅटरीतील दावे

लिथियम-आयन बॅटरीचा ऋण विद्युतअग्र बहुधा ग्रॅफाइटचा, म्हणजे ग्राफीनच्या थरांच्या चळतीचाच असतो. त्यामुळे ‘कार्बनयुक्त’ हे वर्णन जवळजवळ प्रत्येक बॅटरीस लागू पडते. यातील ग्राफीन सहसा विद्युतवाहकता वाढवण्यासाठी किंवा उष्णता पसरवणाऱ्या पातळ पत्र्यासाठी वापरले जाते. जलद चार्जिंग वा कमी तापणे हे दावे त्यामुळे संभाव्य ठरतात. साठवण अनेक पटींनी वाढल्याचा दावा ठरत नाही.

## दाव्याची पारख

विश्वसनीय दाव्यात मिश्रण कोणत्या पट्टीत आहे, कोणता गुण वाढला, किती वाढला व कोणत्या बॅटरीच्या तुलनेत वाढला, हे सांगितलेले असते. ट्यूब्युलर बॅटरीच्या बाबतीत आय.एस. १३३६९ या भारतीय मानकानुसार झालेल्या चाचणीचा अहवाल उपयुक्त ठरतो. हमीपत्र ही आणखी एक कसोटी आहे. वेष्टनावर ‘दुप्पट आयुष्य’ आणि हमी मात्र त्याच उत्पादकाच्या साध्या बॅटरीइतकीच असेल, तर उत्पादक स्वतःच्या दाव्यावर खर्चाची जबाबदारी घेत नाही असे दिसते. हमीतील विनामूल्य बदलीचा काळ व केवळ सवलतीचा काळ वेगवेगळे वाचावे लागतात.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण उत्पादकास १० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते. पुढील उल्लंघनासाठी ही मर्यादा ५० लाख रुपये आहे. २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार जाहिरातीतील दावा सिद्ध करता येण्याजोगा असणे बंधनकारक आहे. सदोष बॅटरीच्या भरपाईसाठी ग्राहकास जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. त्यासाठी पावती, हमीपत्र व दावा छापलेले वेष्टन हे पुरावे उपयोगी पडतात.

## हे सुद्धा पहा

* ग्राफीन
* शिसे-आम्ल बॅटरी
* लिथियम-आयन बॅटरी
* ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९